कापसाचा भाव ४००० वरून ७५२१: खरी वाढ किती, ते काढायचं कसं

प्रश्न: जुन्या डब्यात २०१३-१४ ची कापूस विकल्याची पट्टी सापडली. बाबांनी तेव्हा ४००० रुपये क्विंटलनं दिला होता, हमीभावही तोच होता. २०२४-२५ चा हमीभाव ७५२१. काका म्हणतात भाव जवळपास डबल झाला, कास्तकार उगाच रडतात. मी म्हणतो तेव्हाच्या ४००० मध्ये जे भागत होतं ते आता ७५२१ मध्ये भागत नाही. हे नेमकं काढायचं कसं? (राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर:

काकांनी ७५२१ ला ४००० नं भागलं आणि १.८८ आलं. भागाकारात चूक नाही. चूक त्याच्या आधीच झाली आहे: दोन्ही आकड्यांपुढे 'रुपये' लिहिलं आहे म्हणून ते एकाच मापाचे धरले गेले. एकानं पायलीनं आणि दुसऱ्यानं कुडवानं मोजलेली ज्वारी नुसत्या मापांच्या संख्येवरून कमी-जास्त ठरवता येत नाही. आधी एकाचं माप दुसऱ्याच्या मापात आणावं लागतं. २०१३-१४ च्या रुपयाचं आणि २०२४-२५ च्या रुपयाचं तसंच आहे.

पट्टीवर छापलेला, हातात मिळालेला भाव म्हणजे नाममात्र भाव. तो ज्या त्या वर्षाच्या रुपयांत असतो. महागाईचा भाग काढून सगळी वर्षं एकाच वर्षाच्या रुपयांत आणली की मिळतो तो वास्तव भाव. सरकारी अहवालांत यालाच 'चालू किमती' आणि 'स्थिर किमती' म्हणतात. एकातून दुसऱ्यात जायला निर्देशांक लागतो.

निर्देशांक म्हणजे ठरावीक सामानाच्या टोपलीची किंमत. एका आधारवर्षी ती टोपली जेवढ्याला येत होती तेवढ्याला १०० मानायचं आणि पुढे तीच टोपली कितीला येते ते त्या शंभराच्या प्रमाणात लिहायचं. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ = १०० या मालिकेत ग्रामीण आणि शहरी मिळून जो संयुक्त निर्देशांक निघतो, त्याची वार्षिक सरासरी २०१३-१४ ला ११२.२ होती आणि २०२४-२५ ला १९२.६. म्हणजे २०१३-१४ ला जी टोपली ११२ रुपये २० पैशांना येत होती तीच २०२४-२५ ला १९२ रुपये ६० पैशांना. तुमच्या प्रश्नाला एवढे दोन आकडे पुरतात.

जुना भाव नव्या रुपयांत आणायचा तर त्याला नव्या वर्षाच्या निर्देशांकानं गुणायचं आणि जुन्या वर्षाच्या निर्देशांकानं भागायचं:

४००० × १९२.६ ÷ ११२.२ = ६८६६

तुमच्या बाबांच्या ४००० रुपयांत २०१३-१४ ला जेवढं घरसामान येत होतं, तेवढंच २०२४-२५ ला आणायला ६८६६ रुपये लागतात. हमीभाव आहे ७५२१. म्हणजे वास्तव वाढ ७५२१ ÷ ६८६६ = १.०९५, साधारण साडेनऊ टक्के, तीही अकरा वर्षांत. काकांचे ८८ टक्के इथे साडेनऊवर येतात. पण तुमचं 'भागत नाही' हेही या गणितातून अजून सिद्ध झालेलं नाही. त्याला वेगळा निर्देशांक लागेल, त्याकडे पुढे येतो.

इथे एक चूक शिकलेली माणसंही करतात. निर्देशांक ११२.२ वरून १९२.६ झाला म्हणजे ७१.७ टक्के वाढला. भाव ८८ टक्के वाढला. मग ८८ मधून ७१.७ वजा करून 'खरी वाढ १६.३ टक्के' असं लिहितात. तसं होत नाही. एका वर्षाची, चार-पाच टक्क्यांची महागाई असेल तर वजाबाकीनं फारसं बिघडत नाही. दहा वर्षांच्या हिशोबात मात्र साडेनऊच्या जागी सव्वासोळा येतात. टक्के वजा करायचे नाहीत, पटींचा भागाकार करायचा: १.८८ ÷ १.७१७. दुसरी चूक याच्या शेजारचीच. निर्देशांक २०१८-१९ च्या १३९.६ वरून १९२.६ झाला की '५३ टक्के महागाई' म्हणतात. ते ५३ अंक आहेत. टक्के काढायचे तर ५३ ला १३९.६ नं भागायचं, ३८ येतात.

मी नेहमी जुना भाव नव्या रुपयांत आणतो, उलटं करत नाही. गणिताला दोन्ही सारखंच, टक्का तोच येतो. पण '७५२१ म्हणजे २०१३-१४ चे ४३८१' असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला त्या ४३८१ चा अंदाज लागत नाही, कारण त्या काळचे किराण्याचे भाव कोणाच्या ध्यानात नसतात. '४००० म्हणजे आजचे ६८६६' हे पारावर बसलेल्या माणसालाही लगेच कळतं. दिशा चुकली का, हे ओळखायला एकच खूण पुरे. महागाई वाढलेल्या काळात जुना आकडा नव्या रुपयांत आणल्यावर मोठाच झाला पाहिजे. लहान आला तर गुणायच्या जागी भागलं आहे.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. फक्त पहिलं आणि शेवटचं वर्ष घेतलं की मधली गोष्ट पुसली जाते, आणि कापसाच्या बाबतीत खरी गोष्ट मधेच आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव मधल्या काही वर्षांसाठी याच पद्धतीनं २०२४-२५ च्या रुपयांत आणून पाहा:

| हंगाम | हमीभाव (रु.) | निर्देशांक | २०२४-२५ च्या रुपयांत |
|---|---|---|---|
| २०१३-१४ | ४००० | ११२.२ | ६८६६ |
| २०१७-१८ | ४३२० | १३५.० | ६१६३ |
| २०१८-१९ | ५४५० | १३९.६ | ७५१९ |
| २०२२-२३ | ६३८० | १७४.७ | ७०३४ |
| २०२४-२५ | ७५२१ | १९२.६ | ७५२१ |

दुसऱ्या रकान्यात भाव एकदाही खाली आलेला नाही, दर हंगामाला चढताच. शेवटच्या रकान्यात तो आधी घसरतो, मग एकदम उडी मारतो, पुन्हा घसरतो आणि शेवटी उडीच्या जागीच येऊन थांबतो.

२०१३-१४ ते २०१७-१८ या चार वर्षांत हमीभाव ३२० रुपयांनी वाढला. बातम्यांत दरवर्षी 'हमीभावात वाढ' असंच छापून आलं. वास्तवात तो दहा टक्क्यांनी कमी झाला, कारण त्या काळात निर्देशांक वीस टक्क्यांनी चढला आणि भाव आठ टक्क्यांनी. मग २०१८-१९ ला एकाच वर्षात ४३२० चे ५४५० झाले. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट ठेवू असं जाहीर झालं होतं, त्याचा हा परिणाम. दीडपट करताना खर्च धरला तो प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढाच. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज त्यात नव्हतं, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. तो काही असो, पण अकरा वर्षांतली सगळी वास्तव वाढ त्या एका वर्षात झाली.

त्यानंतरच्या सहा वर्षांत ५४५० चे ७५२१ झाले, म्हणजे २०७१ रुपये वाढले. निर्देशांकात घातलं तर ५४५० चे होतात ७५१९. सहा वर्षांची वास्तव वाढ क्विंटलमागे दोन रुपये! मधे २०२२-२३ ला तर क्विंटलमागे जवळपास पाचशे रुपयांची घट दिसते.

म्हणून काकांशी बोलताना आधी 'कधीपासून' हे ठरवून घ्या. २०१३-१४ पासून मोजलं तर साडेनऊ टक्के वाढ, २०१७-१८ पासून मोजलं तर २२ टक्के वाढ, २०१८-१९ पासून मोजलं तर शून्य. तिन्ही आकडे खरे आहेत. भाषणात यातला एकच सांगितला जातो. कोणता, ते बोलणारा कोण त्यावर. ज्याला हिशोब समजून घ्यायचा आहे त्यानं सगळी वर्षं मांडावीत.

मोबाइलमधल्या किंवा संगणकावरच्या तक्त्यात हे करायचं असेल तर A रकान्यात वर्ष, B मध्ये भाव, C मध्ये निर्देशांक लिहा. समजा पहिलं वर्ष दुसऱ्या ओळीत आहे आणि २०२४-२५ तेराव्या ओळीत. मग D2 मध्ये हे लिहून खाली ओढायचं:

```
=B2*$C$13/C2
```

डॉलरची चिन्हं विसरलात तर खाली ओढताना शेवटच्या वर्षाचा निर्देशांकही खाली सरकतो आणि आकडे बिघडतात. तपासणी सोपी आहे: शेवटच्या ओळीत B आणि D अगदी सारखे आले पाहिजेत. नसतील तर चिन्ह राहिलं आहे.

आता निर्देशांक कोणता घ्यायचा. वर मी संयुक्त निर्देशांक घेतला, कारण त्याच्या वार्षिक सरासऱ्या सहज मिळतात आणि पद्धत समजायला तो पुरतो. राळेगावच्या घरासाठी जास्त जवळचा निर्देशांक म्हणजे त्याच मालिकेतला ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांक. तो राज्यवारही निघतो, त्यामुळे महाराष्ट्र ग्रामीण घेता येतो. २०१२ च्या मालिकेत संयुक्त टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के आहे, ग्रामीण टोपलीत ५४.१८ टक्के. ज्या वर्षी तूरडाळ, तेल, भाजी भडकते त्या वर्षी ग्रामीण निर्देशांक जास्त उचलतो, आणि अन्नधान्य स्वस्त असेल तेव्हा मागे राहतो. तुमच्या घरी मजुरी हेच मुख्य उत्पन्न असेल तर शेतमजुरांसाठीचा निर्देशांक आहे. तो श्रम ब्युरो काढतं. त्याच्या जुन्या मालिकेत खाण्याचा वाटा दोन तृतीयांशाहून जास्त होता. कोणताही घेतला तरी शेंडा-बुडखा एकाच मालिकेतला हवा. एका वर्षाला ग्रामीण आणि दुसऱ्याला संयुक्त, असं चालत नाही.

घाऊक किंमत निर्देशांक या कामाला नको. त्यात घरभाडं, दवाखाना, शाळेची फी, एसटीचं तिकीट यांपैकी काही नसतं. घरखर्चातली मोठी भोकं तर तिथेच पडतात. प्राप्तिकर खात्याचा एक 'खर्च महागाई निर्देशांक' असतो, तोही लोक वापरतात, कारण त्याचा तक्ता पटकन सापडतो. तो मालमत्ता विकल्यावरच्या भांडवली नफ्याच्या कराकरता आहे आणि आधीच्या वर्षातल्या शहरी महागाईच्या सरासरी वाढीचा ७५ टक्केच भाग धरून ठरतो. म्हणजे तो मुळातच महागाई कमी दाखवतो. त्यानं भाव आणला तर वास्तव वाढ फुगून दिसेल.

इथपर्यंतचा सगळा हिशोब एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: क्विंटलभर कापसाच्या पैशातून घरात किती सामान येतं? तुमची तक्रार बहुधा दुसरी आहे. तुम्ही म्हणता भागत नाही. कापूस पिकवायला जे लागतं त्याचे भाव ग्राहक निर्देशांकात नाहीत. बियाणं नाही, युरिया नाही, वेचाई नाही. त्यासाठी स्वतःच्या वावराचा निर्देशांक काढावा लागतो, आणि तो घरच्या वहीतून अर्ध्या तासात निघतो.

त्याची रीत अशी. एका एकराला कोणती वस्तू किती लागते ते एकदा ठरवायचं आणि ते प्रमाण दोन्ही वर्षांना तेच ठेवायचं. बदलायचे ते फक्त भाव. प्रमाणही बदललं तर निर्देशांक महागाई मोजायचं सोडून तुमची शेती कशी बदलली ते मोजू लागतो. यंदा फवारण्या जास्त झाल्या, माल कमी निघाला, हे सगळं खरं असतं, पण त्याचा हिशोब वेगळ्या पानावर.

एक नमुना मांडतो. २०१८-१९ आणि २०२४-२५ घेऊ, कारण ग्राहक निर्देशांकानं या दोन वर्षांत वास्तव बदल शून्य दाखवला आहे. बियाण्याचे आणि युरियाचे भाव सरकारनं ठरवलेले आहेत. बीजी-२ कापूस बियाण्याचं पाकीट २०१८ ला ७४० आणि २०२४ ला ८६४ रुपये. ४५ किलोची नीमलेपित युरियाची बॅग दोन्ही वर्षी २६६ रुपये ५० पैसे. वेचाई आणि निंदणाची मजुरी गावागावात वेगळी असते, म्हणून तिथे मी अंदाजी आकडे धरतो: वेचाई २०१८ ला किलोमागे ६ रुपये आणि २०२४ ला १०, बाईमाणसाची दिवसाची मजुरी १५० आणि २५०. तुमच्या वहीतले आकडे वेगळे असतील तर तेच घाला. एकरी प्रमाण धरू दोन पाकिटं, दोन बॅगा, सहा क्विंटल वेचाई आणि निंदणाचे पंधरा मजुरीदिवस.

२०१८-१९ च्या भावानं: बियाणं १४८०, युरिया ५३३, वेचाई ३६००, निंदण २२५०. बेरीज ७८६३ रुपये. त्याच प्रमाणात २०२४-२५ च्या भावानं: बियाणं १७२८, युरिया ५३३, वेचाई ६०००, निंदण ३७५०. बेरीज १२,०११. जुनी बेरीज १०० धरली तर नवी १५२.८ होते. हा तुमच्या वावराचा निर्देशांक. ग्राहक निर्देशांक याच काळात १०० चा १३८ झाला होता.

आता ७५२१ ला १.५२८ नं भागा, ४९२२ येतात. म्हणजे शेतीच्या सामानाच्या आणि मजुरीच्या हिशोबानं २०२४-२५ चा हमीभाव २०१८-१९ च्या ४९२२ रुपयांएवढाच आहे, तर तेव्हाचा हमीभाव होता ५४५०. जवळपास दहा टक्क्यांची घट. घरसामानाच्या मापानं भाव होता तिथेच आहे, वावराच्या मापानं खाली गेला. माझे अंदाजी मजुरीचे आकडे तुमच्याकडे लागू असतील, तर तुम्हाला जे जाणवतं ते हेच.

हे कशामुळे झालं तेही याच आकड्यांत दिसतं. बियाणं महागाईच्या मानानं स्वस्त झालं: ७४० चे महागाईनं १०२१ व्हायला हवे होते, झाले ८६४. युरियाची बॅग तर छापील किमतीत तिथेच आहे, म्हणजे वास्तवात २७ टक्क्यांहून जास्त स्वस्त. ज्या दोन गोष्टींवर सरकारचं बंधन आहे त्या स्वस्त झाल्या आणि मजुरी वाढली. या नमुन्यात चार पैकी तीन रुपये मजुरीचेच आहेत, म्हणून निर्देशांक तीच ओढते. २०१८-१९ ला एक क्विंटल वेचायला भावाचे ११ टक्के जात होते, २०२४-२५ ला १३ टक्क्यांहून जास्त.

कास्तकाराला हे नुकसान वाटेल, पण त्याच गावातल्या वेचणाऱ्या बाईच्या बाजूनं पाहिलं तर ६ रुपयांचे महागाईनं ८.२८ व्हायचे होते, ते १० झाले. तिची वास्तव कमाई किलोमागे जवळपास एकवीस टक्क्यांनी वाढली. मजुरीची सरकारी बाजू पाहायची तर रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०१८-१९ ला २०३ रुपये होता, २०२४-२५ ला २९७. २०३ चे महागाईनं २८० होतात, म्हणजे सहा वर्षांत वास्तव वाढ सहाच टक्के. तेव्हा वेचाईचे माझे अंदाज तुमच्याकडे जास्त वाटले तर ते खाली करून पुन्हा बेरीज करा. वेचाई ९ रुपये आणि मजुरी २२० धरली तर निर्देशांक १३९ च्या आसपास येतो आणि घट साधारण एका टक्क्याचीच राहते. इथे सगळं तुमच्या वहीवर अवलंबून आहे, माझ्या आकड्यांवर काकांशी भांडू नका.

या नमुन्यात डीएपी, फवारणी, नांगरटीचा ट्रॅक्टर, वावर मक्त्यानं घेतलं असेल तर मक्ता, हे काही धरलेलं नाही. तुमच्या हिशोबात ते आलं पाहिजे. दोन्ही वर्षांचा भाव नक्की माहीत नसलेली वस्तू मात्र सरळ गाळा. अंदाजानं भरलेली मोठी रक्कम निर्देशांकाला कुठेही नेऊ शकते.

आता त्या पट्टीबद्दल. हमीभाव आणि हातात आलेला भाव एकच असतो असं नाही. तुमच्या पट्टीवर ४००० आहे हा योग म्हणायचा. २०२४-२५ च्या बाजूला तुम्ही ७५२१ लिहिलं, पण त्या हंगामात खुल्या बाजारात हमीभावापेक्षा कमी भाव होता. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर दिला असेल तरी पूर्ण भाव आठ टक्के ओलाव्याला असतो. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि बाराच्या वर घेतच नाहीत. म्हणून पट्टीची तुलना पट्टीशीच करा: तेव्हा हातात पडलेले निव्वळ रुपये आणि आता हातात पडलेले निव्वळ रुपये, हमाली-तोलाई आणि कपात गेल्यावरचे. एका बाजूला निव्वळ आणि दुसऱ्या बाजूला जाहीर भाव ठेवला तर निर्देशांक कितीही बरोबर असो, उत्तर चुकणार.

पट्टीवर तारीख असतेच, तेव्हा वार्षिक सरासरीपेक्षा त्या महिन्याचा निर्देशांक घेतलेला बरा. डिसेंबरात विकलेला आणि जूनपर्यंत घरात ठेवून विकलेला कापूस एकाच हंगामाचा असला तरी मिळालेल्या रुपयांची ताकद सारखी नसते. फक्त मग दुसऱ्या बाजूलाही महिनाच घ्या, आणि जमलं तर तोच महिना. भाजीपाल्याचे भाव पावसाळ्यात चढतात आणि हिवाळ्यात उतरतात. ऑगस्टची तुलना जानेवारीशी केली तर ती चढउतार हिशोबात शिरते.

आणि २०२१-२२ चा हंगाम तुलनेला घ्यायचा मोह टाळा. त्या वर्षी कापूस दहा हजारांच्या वर गेला होता आणि गावात अजून सगळे तोच आकडा सांगतात. २०२१-२२ चा निर्देशांक १६३.८ होता, त्यानं ते दहा हजार २०२४-२५ चे ११,७५८ होतात. त्याच्या शेजारी कोणतंही वर्ष ठेवलं तरी दिवाळं निघाल्यासारखं दिसेल. महागाई काढून टाकली म्हणजे तेजी-मंदीही निघून जाते असं नाही, ती वास्तव भावातही तशीच राहते. बाजारभावाची तुलना करायची तर तीन-तीन हंगामांची सरासरी घ्या. प्रत्येक हंगाम आधी वास्तव रुपयांत आणा आणि मग सरासरी काढा. आधी सरासरी काढून नंतर निर्देशांक लावला तर तीन वेगळ्या मापांची बेरीज होते.

शेवटची अडचण तुम्हाला पुढच्या वर्षांचे आकडे घेताना नक्की येईल. निर्देशांकाचं आधारवर्ष मधूनमधून बदलतं. शेतमजुरांच्या निर्देशांकाचंच पाहा. १९८६-८७ = १०० ची मालिका २०२५ पर्यंत चालली आणि शेवटी तेराशेच्या वर पोचली होती. जून २०२५ पासून २०१९ = १०० ची नवी मालिका आली, तिचे आकडे १३५ च्या आसपास. कोणी २०२४ चा जुना आणि २०२५ चा नवा आकडा शेजारी ठेवला तर एका वर्षात महागाई नव्वद टक्क्यांनी पडली असं उत्तर येईल! एवढी मोठी चूक लगेच दिसते, पण १९२ वरून नव्या मालिकेत १०४ अशी उडी असेल तर नजर चुकते.

त्याला उपाय म्हणजे जोडगुणक. नवी मालिका आली की तो सोबत जाहीर होतो. नव्या आकड्याला त्यानं गुणलं की तो जुन्या मालिकेच्या मापात येतो. समजा गुणक ९.७ आहे आणि नवा आकडा १३५, तर जुन्या मापात तो १३०९.५ होतो आणि मग आधीच्या वर्षांशी भागाकार करता येतो. हा गुणक त्या त्या निर्देशांकाचा आणि राज्याचा वेगळा असतो. अखिल भारताचा गुणक महाराष्ट्राच्या आकड्याला लावू नका. तक्त्यात जोड कुठे लावली त्या ओळीला रंग द्या आणि शेजारी गुणक लिहून ठेवा, कारण तीन वर्षांनी तोच तक्ता उघडल्यावर १३०९.५ हा आकडा कुठून आला ते तुम्हालाच आठवणार नाही.